त्रास नसताना गोळ्या कशासाठी?

सोनू, तुझा प्रश्न रास्त आहे. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, लघवीचा रंगही स्वच्छ. मग चौदाव्या आठवड्यात, बाळ पोटात असताना, सात दिवस अँटिबायोटिक कशाला? सासूबाई म्हणतात त्याप्रमाणे धने-जिऱ्याचं पाणी पिऊन बघायला काय हरकत आहे, असंही तू विचारलंस. इतकी वर्षं लॅबमध्ये कल्चरच्या प्लेटा वाचते आहे, म्हणून तुला जरा सविस्तर सांगते.

आधी तुझ्या रिपोर्टवर काय लिहिलंय ते बघू. ‘ई. कोलाय, १,००,००० सीएफयू प्रति मिलिलीटरपेक्षा जास्त.’ म्हणजे तुझ्या लघवीच्या एका मिलिलीटरमध्ये एकाच जातीचे जिवाणू लाखाच्या वर निघाले. ई. कोलाय आपल्या आतड्यात कायम असतो. बायकांची लघवीची नळी जेमतेम चार सेंटीमीटर लांब आणि गुदद्वाराच्या जवळ, त्यामुळे तो सहज वर चढतो आणि मूत्राशयात ठाण मांडतो. त्रास काहीच नाही पण जिवाणू मात्र भरपूर, या अवस्थेला ‘लक्षणांशिवायचा बॅक्टेरियुरिया’ म्हणतात. शंभर गरोदर बायकांत साधारण दोन ते दहा जणींमध्ये तो सापडतो. तुझ्या हातून काही चुकलं म्हणून झालेलं नाही हे, आणि अस्वच्छतेमुळे तर मुळीच नाही.

हाच रिपोर्ट तू गरोदर नसताना आला असता, तर मी स्वतः तुला म्हटलं असतं, सोडून दे, गोळ्या घेऊ नकोस. एरवी असे मुकाट बसलेले जिवाणू मारून काही मिळत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. गरोदरपणाला मात्र यातून मुद्दाम वगळलेलं आहे, आणि त्याचं कारण जिवाणूत नाही, तुझ्या बदललेल्या शरीरात आहे.

मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोन नळ्या असतात. त्यांच्या भिंतीतले स्नायू लयीत आकसतात आणि लघवी खाली ढकलतात. तिसरा महिना सरता सरताच प्रोजेस्टेरॉनमुळे हे स्नायू सैलावतात, नळ्या रुंदावतात. पुढे गर्भाशय वाढलं की ते कमरेच्या हाडाच्या कडेशी या नळ्यांवर दाब देतं. ते बहुधा थोडं उजवीकडे कलतं, म्हणून उजवी नळी जास्त दबते. परिणाम असा की लघवी वाहायच्या ऐवजी वरच रेंगाळते. मूत्राशयातून वर उलटी जाण्याची शक्यताही वाढते. त्यात गरोदरपणी लघवीतून थोडी साखर आणि अमिनो आम्लं जातात, जिवाणूंचं पोषण फुकटात होतं. संथ पाणी, खाऊ आणि उघडी वाट, तिन्ही एकत्र आल्यावर मूत्राशयात गप्प बसलेला ई. कोलाय मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.

तो तिथे पोहोचला की जे होतं ते मी पाहिलं आहे, आणि ते तुला होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. हुडहुडी भरून ताप, उलट्या, बरगडीखाली पाठीत, बहुतेकदा उजवीकडे, असह्य ठणका. बाई दवाखान्यात भरती होते, शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन लागतं, ताप उतरेपर्यंत घरी सोडत नाहीत आणि नंतरही गोळ्या धरून एकूण दोन आठवड्यांचा उपचार होतो. काही जणींत जिवाणू रक्तात जातात, फुप्फुसांत पाणी भरून धाप लागते. गर्भाशयाला कळा सुरू होऊन बाळ वेळेआधी येण्याची भीती असते. पावसाळ्यात तर घरचे ‘व्हायरल असेल’ म्हणून दोन दिवस काढतात, आणि तेच दोन दिवस महागात पडतात.

आता धोका किती, तेही खरं सांगते. १९५० आणि ६० च्या दशकांत बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये एडवर्ड कॅस या डॉक्टरांनी गरोदर बायकांच्या लघवीची कल्चर पद्धतशीर करून पाहिली. तुझ्या रिपोर्टवरची ती लाखाची रेषा त्यांच्याच कामातून रूढ झाली. त्यांनी काही जणींना औषध दिलं, काहींना नाही. त्या काळच्या अशा अभ्यासांत उपचार न झालेल्या बायकांपैकी २० ते ३५ टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग झाला, आणि उपचार झालेल्यांत तो फारच थोड्या जणींना झाला. २०१५ साली नेदरलँड्समधून आलेल्या अभ्यासात मात्र चित्र बरंच सौम्य दिसलं. तिथे एकच बाळ असलेल्या, एरवी निरोगी बायकांत उपचार न करताही शंभरात दोन-तीन जणींनाच मूत्रपिंडाचा संसर्ग झाला. जिवाणू नसलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकीपेक्षाही कमी होतं. म्हणजे गोळ्या न घेतल्यास तू आजारी पडशीलच असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तरीही मी तुला घे म्हणते, कारण त्या अभ्यासातल्या बायका निवडून घेतलेल्या, कमी धोक्याच्या होत्या. आपल्याकडे ताप आल्यापासून योग्य इस्पितळात पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. आणि तुझ्यासमोर आहे तो सात दिवसांचा, बऱ्यापैकी निर्धोक उपाय.

औषध कोणतं आहे तेही बघितलं. नायट्रोफ्युरॅन्टॉइन, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. निवड चांगली आहे. पहिले तीन महिने शक्य असल्यास ते टाळतात, तू त्यापुढे गेली आहेस. अगदी शेवटच्या आठवड्यांतही देत नाहीत, बाळाच्या रक्तपेशींना त्रास होऊ शकतो म्हणून. आपल्या घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची कमतरता असल्याचं ऐकलेलं नाही, पण तुझ्या डॉक्टरांना हे विचार, कारण ती असेल तर हे औषध चालत नाही. रिपोर्टच्या खालच्या यादीत या औषधासमोर ‘एस’ आहे, म्हणजे तुझा जिवाणू त्याने मरतो. अँपिसिलिनसमोर ‘आर’ आहे, ते घेऊन उपयोग झाला नसता. याच यादीसाठी कल्चर करायचं असतं. गोळी जेवणानंतर घे, नाहीतर मळमळेल. लघवी गडद पिवळी, तपकिरी दिसेल, घाबरू नकोस.

तीन गोष्टी मात्र सांभाळ. जळजळीवर म्हणून औषधाच्या दुकानात लघवी अल्कधर्मी करणारं गोड सिरप सहज देतात. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, त्यामुळे ते सिरप त्याचा जोर कमी करतं. तुला तसंही जळजळ नाही, घेऊ नकोस. आणि पित्तावर तू जे अँटासिड घेतेस त्याच्या बाटलीवर मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट लिहिलंय का ते बघ. असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घे, ते हे औषध पोटात शोषू देत नाही. घरात कुणाच्या उरलेल्या नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या असतील तर त्यांना हातही लावू नकोस, गरोदरपणात त्या टाळतात.

धने-जिऱ्याचं पाणी जरूर पी, सासूबाईंचं मन मोडू नकोस. उन्हाळी लागली की आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तेच देतात आणि त्याने बरंही वाटतं. पण मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेले जिवाणू त्याने निघत नाहीत. गोळ्यांच्या जोडीला असू दे, गोळ्यांच्या जागी नको.

सात दिवस झाले की संपलं, असं बहुतेक जणी समजतात, आणि इथेच सगळं निसटतं. त्रासच नव्हता तर बरं झालं हे कळणार कसं? कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करायचंच. ‘युरिन रुटीन’ करून भागवू नकोस. त्यात पस सेल्स नॉर्मल आले म्हणजे जिवाणू गेले असं नसतं. पट्टीची नायट्राइटची तपासणीही गरोदरपणी फसते, कारण ती रंग बदलायला लघवी काही तास मूत्राशयात थांबावी लागते आणि तू तर दर तासाला उठतेस.

नमुना कसा द्यायचा हे नीट ऐक, कारण अर्धे गोंधळ तिथेच होतात. गरोदरपणी अंगावरून पांढरं जातं. ते नमुन्यात उतरलं की तीन-चार जातींची मिसळ उगवते आणि आम्हाला ‘पुन्हा नमुना द्या’ लिहावं लागतं. म्हणून सकाळची पहिली लघवी घे. आधी साध्या पाण्याने पुढून मागे धू, एका हाताने ओठ बाजूला धरून ठेव, पहिली धार जाऊ दे, मधली धार थेट निर्जंतुक डबीत धर. डबीच्या आत, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नकोस. आणि ती डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचव. उबेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. दुपारपर्यंत पर्समध्ये राहिलेल्या डबीत हजाराचे लाख होतात आणि उगाच गोळ्या माथी बसतात. उशीर होणारच असेल तर फ्रीजमध्ये ठेव.

पुन्हा तोच जिवाणू उगवला तर दुसरं औषध, थोडा लांब कोर्स. वारंवार उगवत राहिला तर बाळंतपणापर्यंत रोज रात्री एक छोटी मात्रा देतात. कधी ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ असं नाव आलं तर ते कमी संख्येत असलं तरी महत्त्वाचं. तो योनिमार्गात भरपूर आहे याची ती खूण असते, आणि बाळाला लागू नये म्हणून कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागतं.

गोळ्या चालू असतानाही थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला दुखू लागलं, किंवा उलट्यांनी गोळी पोटात टिकेना, तर कोर्स पुरा होण्याची वाट बघू नकोस. हे औषध लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोहोचत नाही, म्हणून वर चढलेल्या संसर्गावर ते पुरत नाही. त्याच रात्री दवाखान्यात जा, जावईबापूंना सकाळपर्यंत थांबू देऊ नकोस.

आणि बाळंतपणाला तू सातव्या महिन्यात आपल्याकडे येणार आहेस, तिथले डॉक्टर वेगळे. आताच फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडून लिहून घे: कोणत्या आठवड्यात कल्चरमध्ये काय उगवलं, कोणतं औषध किती दिवस दिलं, नंतरचं कल्चर कधी केलं आणि काय आलं. दोन्ही कल्चरचे कागद त्यालाच टाचून ठेव.