घरभाडे भत्ता : ‘वेतन’ कोणते धरावे?

जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची करमुक्त रक्कम काढताना मूळ वेतनात निवृत्तिलाभांसाठी ग्राह्य असलेलाच महागाई भत्ता मिळवावा. कर निर्धारण वर्ष 2024-25 मधील पुण्याच्या कर्मचाऱ्याचे उदाहरण पाहा. वार्षिक मूळ वेतन 4,80,000 रु., महागाई भत्ता 1,20,000 रु. (निम्मा ग्राह्य), घरभाडे भत्ता 1,44,000 रु. आणि दिलेले भाडे 1,86,000 रु. येथे वेतन 5,40,000 रु. होते.

मिळालेला भत्ता 1,44,000 रु.; भाड्यातून वेतनाचे 10 टक्के वजा करता 1,32,000 रु.; वेतनाचे 40 टक्के (मुंबईत 50) 2,16,000 रु. यांपैकी सर्वांत कमी, म्हणजे 1,32,000 रु. करमुक्त, उरलेले 12,000 रु. करपात्र. संपूर्ण महागाई भत्ता धरल्यास करमुक्त रक्कम 6,000 रुपयांनी घटते; परीक्षेत हीच चूक वारंवार होते. ढोबळ वेतनात मात्र महागाई भत्ता पूर्ण दाखवावा.