संपादकाला हवा तेवढाच परिचय

प्रश्न : मी फ्रीमाँटला राहतो, व्यंगचित्रं काढतो. महाराष्ट्रातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांना पाठवायच्या परिचयात काय लिहावं?

उत्तर : संपादकाला तीनच गोष्टी हव्या असतात : तुमची रेषा कशी, विषय कोणते आणि काम कोणतं, कोणत्या अटींवर घेता. ‘मार्मिक शैली’ म्हटल्यानं काहीच दिसत नाही. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं शब्दांवाचून बोलतात, तर आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत ओळ महत्त्वाची. या दोन टोकांत तुम्ही कुठे बसता ते सांगा. उदाहरणार्थ :

‘जाड शाईची रेषा, शब्द क्वचित. विषय : अमेरिकेतली मराठी घरं, सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, व्हिसाची वाट पाहणं. मुखपृष्ठ, हास्यचित्रं, कथाचित्रं करतो. पक्षप्रचार करत नाही. कच्चं रेखाटन चार दिवसांत, त्यावर एक दुरुस्ती. अंतिम चित्र छपाईच्या आकारात, 300 डीपीआय.’

दुरुस्तीची मर्यादा लिहिली नाही, तर पक्कं चित्र पुन्हा काढावं लागतं. पुण्यात दुपारचा एक म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा. म्हणून उत्तराची वेळही कळवा. सोबत, सांगितलेल्या विषयांवरचीच तीन चित्रं जोडा.