आकड्याआधी खुर्ची लिही

हे बघ पोरी, सार्कोपेनिया, म्हणजे वयाबरोबर स्नायूंचं बळ आणि वस्तुमान घटणं, तीन मापांनी कळतो: मुठीची पकड, चालण्याचा वेग आणि हातापायांतल्या स्नायूंचं वजन. यंत्रं आकडा दाखवतातच. तो कसा मिळाला, हे मात्र तुलाच लिहावं लागतं.

पकडीपासून सुरू कर. जामार डायनॅमोमीटर असेल तर पेशंटला खुर्चीत बसव. पाय जमिनीला टेकलेले, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, हँडल दुसऱ्या खाचेत. स्प्रिंगचं यंत्र असेल तर उभं राहून, हात सरळ खाली सोडून. दोन्ही यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत, म्हणून यंत्राचं नाव लिही. "दाबा, अजून दाबा, अजून... सोडा" असं मोठ्यानं म्हण. एकीला चढवायचं आणि दुसऱ्याला नाही, असं करू नकोस. दोन्ही हातांनी दोन-दोनदा घे आणि सगळ्यांत मोठा आकडा धर. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर माणूस दुखतं म्हणून हात सोडतो. तो आकडा स्नायूचा नव्हे, दुखण्याचा. "उजवा अंगठा दुखतो" एवढं लिहिलंस तरी पुढचा डॉक्टर फसत नाही.

चालीसाठी सहा मीटरवर दोन पट्ट्या चिकटव, पण अलीकडे-पलीकडे दोन-दोन मीटर मोकळे ठेव. वेग घेताना आणि थांबताना गेलेला वेळ मोजायचा नसतो. "त्या पलीकडच्या खुर्चीपर्यंत रोजच्यासारखं चाला" असं सांग. शेवटची पट्टी दाखवलीस की तिथं पोचण्याआधीच पाय आखडतात. तू बरोबरीनं चालू नकोस, नाहीतर ते तुझ्या पावलांनी चालतील. पडू नयेत म्हणून अर्धं पाऊल मागे राहा. दोनदा चालवून सरासरी काढ. पकडीत सर्वांत मोठा आकडा आणि चालीत सरासरी, याची गल्लत नको. काठी, चपला, गुडघेदुखी, सगळं नोंदव.

स्नायूंच्या वजनासाठी आपल्याकडे बहुधा बायोइम्पिडन्सचं यंत्र असतं. पेसमेकर असेल तर त्यावर उभंच करायचं नाही. पायांवर सूज आहे का, बोटानं दाबून बघ. हे यंत्र अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, त्यामुळे सुजलेल्या पायात नसलेला स्नायू दिसतो. हातापायांच्या स्नायूंच्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. उंची आजची मोजलेली हवी, जुन्या फाइलमधली नको. पाठीत वाक असेल तर तेही लिही.

आता हिशेब बघ. समज, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी आहेत, उंची १५० सेंटिमीटर. उजव्या हाताची पकड १४ आणि १५.५ किलो, डाव्याची १३ आणि १३.५. सहा मीटरला ७.१ आणि ६.९ सेकंद, म्हणजे सरासरी ७ आणि वेग सेकंदाला ०.८६ मीटर. हातापायांचे स्नायू १२.६ किलो, २.२५ ने भागले की ५.६.

आशियाई गटाच्या २०१९च्या निकषांत बायकांसाठी पकड १८ किलोंच्या खाली, वेग १ मीटरच्या खाली आणि या यंत्रावर स्नायू ५.७ च्या खाली म्हणजे कमी. आजींचं तिन्ही कमी, म्हणजे तीव्र सार्कोपेनिया. आता त्याच आजींना युरोपच्या सुधारित निकषांवर ठेव. तिथं पकड १६ च्या खाली, स्नायू ५.५ च्या खाली, वेग ०.८ किंवा त्याहून कमी. फक्त पकडच कमी ठरते, आणि निदान येतं "संभाव्य". आजी त्याच, माप तेच. उंची जुन्या फाइलमधून १५५ घेतली असतीस तर स्नायूंचा आकडा ५.२४ झाला असता आणि युरोपच्या निकषांवरही निदान पक्कं ठरलं असतं. पाच सेंटिमीटरांनी आजार बदलतो, तो असा.

म्हणून चार्टवर नुसतं "सार्कोपेनिया +" कधी लिहू नकोस. असं लिही: "पकड: जामार, बसून, खाच २, उजवा १४/१५.५, डावा १३/१३.५, धरलेला १५.५ किलो. अंगठादुखी नाही. चाल: ६ मी., ७.१/६.९ से., ०.८६ मी./से., काठीशिवाय, चपला घालून. स्नायू: बायोइम्पिडन्स ५.६, उंची आज मोजली १५०, सूज नाही. निकष: आशियाई २०१९. तीव्र सार्कोपेनिया."

तीन महिन्यांनी पकड १७ आली, तर व्यायाम लागू पडला की कुणी दुसरंच यंत्र दिलं, हे सांगायला एवढ्याच ओळी असतील. त्या दिवशी तू सुट्टीवर असशील, असं धरूनच लिही.