दुसऱ्या वाचनाला घड्याळ घेऊन बस

'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' संपवलंस आणि "ही तर शुद्ध फसवणूक आहे" म्हणत पुस्तक बाजूला ठेवलंस, म्हणून हे लिहितोय. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण खुनी कोण हे आता लगेच येणार आहे.

गोष्ट सांगणारा डॉ. शेपर्ड हाच खुनी. 1926 साली ॲगाथा ख्रिस्तीवर तुझ्यासारखेच बरेच वाचक चिडले होते. पण फसवणूक झाली की आपण नीट वाचलं नाही, याचा निकाल दुसऱ्या वाचनातच लागतो. आणि ते वाचन कसं करायचं, हे माझ्या मामांनी मला सांगितलं होतं, ते तुला सांगतो.

पुस्तक पुन्हा उघडण्याआधी एका कागदावर खून प्रत्यक्षात कसा झाला ते क्रमानं लिहून काढ. गोष्टीत ज्या क्रमानं कळलं तसं नको, जसं घडलं तसं. शेपर्ड मिसेस फेरर्सकडून पैसे उकळत होता. तिनं आत्महत्या केली आणि मरण्याआधी ॲक्रॉइडला पत्र पाठवलं. ते पत्र वाचलं जाण्याआधी शेपर्डनं अभ्यासिकेत त्याला भोसकलं, टेबलावर ठरावीक वेळी सुरू होणारा डिक्टाफोन ठेवला, तो दारातून दिसू नये म्हणून उंच पाठीची खुर्ची पुढे ओढली आणि दारानं बाहेर पडला. मग राल्फ पॅटनचे बूट घालून खिडकीतून परत आत शिरला, दाराला आतून कुलूप लावलं आणि पुन्हा खिडकीतून निघून गेला. हा कागद शेजारी ठेवून वाचायला लागलीस की पुस्तक वेगळंच दिसतं.

आता पेन्सिल घे आणि समासात फक्त वेळा लिही. त्या रात्री पत्रं आली नऊला वीस मिनिटं कमी असताना. शेपर्ड खोलीतून निघाला नऊला दहा कमी असताना. फाटकापाशी त्याला अनोळखी माणूस भेटला, तेव्हा चर्चच्या घड्याळात नऊचे ठोके पडत होते. या तिन्ही वेळा तो स्वतःच सांगतो, कुठेही खोटं बोलत नाही. पहिल्या दोन वेळांमध्ये दहा मिनिटं आहेत आणि त्या दहा मिनिटांवर त्यानं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. पत्र अजून न वाचलेलंच होतं एवढं सांगतो, दाराच्या मुठीवर हात ठेवून मागे वळून पाहतो, काही करायचं राहिलं तर नाही ना असा विचार करतो आणि निघतो. पहिल्या वाचनात आपल्याला हा हळवा मित्र वाटतो. आता कागदाकडे बघ. खून त्याच मोकळ्या जागेत झाला आहे. पुढची दहा मिनिटंही तपास: घरापासून फाटकापर्यंत चालायला पाचच मिनिटं लागतात. उरलेली पाच मिनिटं बूट, खिडकी आणि कुलूप यांत गेली.

इथे मला पूर्वसूचनेविषयी जे म्हणायचं आहे ते येतं. आपण समजतो की लेखक पुढच्या घटनेची खूण कुठेतरी पेरून ठेवतो. या पुस्तकात खूण बऱ्याचदा गाळलेल्या जागेची असते. म्हणून "इथे काय लिहिलंय" यापेक्षा "इथे किती वेळ गेला आणि त्यातला किती सांगितला" हा प्रश्न विचारत जा.

दुसरी गोष्ट: प्रत्येक संशयास्पद वाक्य वरवर कोणतं काम करतंय ते बघ. सुरुवातीला शेपर्डची आणि शेजारी भोपळे लावणाऱ्या पॉयरोची ओळख होते. त्या गप्पांत शेपर्ड सहज सांगतो की वर्षभरापूर्वी वारशानं पैसे मिळाले होते, प्रवासाचं स्वप्न होतं, पण सट्ट्यात सगळे गेले. आपलं लक्ष पॉयरोच्या विचित्रपणाकडे असतं, त्यामुळे ते बोलणं शेजारधर्मातलं वाटतं. खुनामागचं कारण तिथेच सांगून झालेलं आहे: पैशाची हाव असलेला, हातचं गमावून बसलेला माणूस. पहिल्याच प्रकरणात तो मिसेस फेरर्सच्या मृत्यूनं अस्वस्थ होऊन घरी येतो, तेही असंच. डॉक्टरला रुग्णाचं वाईट वाटलं असं आपण धरून चालतो.

खिडकीचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. ॲक्रॉइड घाबरलेला आहे, तो शेपर्डलाच खिडकी बंद आहे का ते पाहायला सांगतो, मग कडी लावलीस ना असं विचारतो, आणि शेपर्ड हो म्हणतो. निवेदक म्हणून शेपर्ड आपल्याला कडी लावल्याचं सांगत नाही, आपण ॲक्रॉइडला "हो" म्हणालो एवढंच नोंदवतो. वाचकाला सांगितलेलं आणि पात्राला सांगितलेलं यांतला फरक पकडायला शिकलीस तर अर्धं काम झालं.

तिसरी गोष्ट रचनेची. पॉयरो सगळ्यांसमोर वाकून ज्या वस्तू उचलतो, त्या कुठे पोहोचतात ते बघ. तळ्यातली अंगठी राल्फ आणि अर्सुला यांच्या गुप्त लग्नाकडे नेते. उन्हाळी घरातलं पिसाचं देठ चार्ल्स केंटकडे, कापडाचा तुकडा अर्सुलाच्या ॲप्रनकडे. म्हणजे गाजावाजा करून मिळालेले पुरावे घरातल्या दुय्यम गुपितांकडे जातात आणि खुन्याकडे जाणारे बहुतेक पुरावे बोलता बोलता निसटतात. खुर्ची मात्र अपवाद आहे. तिच्याबद्दल पॉयरो उघड विचारतो, फक्त ती कशाला आड करत होती हे आपल्याला सुचत नाही.

आणि ती दुय्यम गुपितं भरताड नाहीत. ॲक्रॉइड शेवटचा जिवंत कधी होता, याची वेळ त्यांच्यामुळेच मागे मागे सरकते. पावणेदहाला काकांना भेटले असं फ्लोरा सांगते, तोवर शेपर्ड सुरक्षित आहे. आपण अभ्यासिकेत गेलोच नव्हतो, पैसे चोरून खाली येत होतो, असं ती कबूल करते तेव्हा वेळ साडेनऊवर येते, कारण तेव्हा रेमंडनं आतून आवाज ऐकलेला असतो. पण तो आवाज पत्राच्या मसुद्यासारखा औपचारिक होता, आणि डिक्टाफोन कंपनीचा माणूस ॲक्रॉइडला भेटून गेला होता. आवाज यंत्राचा ठरला की हातात उरते फक्त नऊला दहा कमीची वेळ, आणि त्या वेळी खोलीत एकच माणूस होता. कादंबरीचा मधला सगळा भाग या तीन वेळांवर उभा आहे. पहिल्या वाचनात तो घरातल्यांच्या भानगडींचा वाटतो.

एक सावधगिरी बाळग. दुसऱ्या वाचनात सगळंच सूचक दिसायला लागतं. अशा वेळी ते वाक्य मनातल्या मनात काढून टाक आणि शेवटचा उलगडा कुठे लंगडा पडतो का ते बघ. सट्ट्याचं बोलणं काढलंस तर शेपर्ड पैसे का उकळायला लागला याला आधारच राहत नाही, म्हणजे ती खरी पूर्वसूचना. पॉयरोचे भोपळे काढलेस तर उलगड्याला धक्का लागत नाही. ते तिथे आहेत, कारण सट्ट्याचं बोलणं लपवायला काहीतरी हवं होतं.