स्लॅबवरचा डाग रंगाला का ऐकत नाही?

नांदेडच्या एका घरमालकांनी दिवाळीच्या तोंडावर हॉलच्या छताला पांढरं इमल्शन मारून घेतलं. पावसाळ्यात तिथं ताटाएवढा तपकिरी डाग उमटला होता. गच्चीची दुरुस्ती झाली होती, गळती थांबली होती, उरला होता तो फक्त डाग. पहिला हात वाळला आणि डाग पिवळसर होऊन वर आला. दुसऱ्या हातानंतरही तेच. पेंटरनं रंगाच्या डब्याला दोष दिला. डबा चांगलाच होता.

स्लॅबमधून झिरपणारं पाणी वाटेत धूळ, गंज, क्षार असं बरंच काही विरघळवून आणतं. खाली पोचल्यावर पाणी उडून जातं, मळ मागे राहतो. तो कडेला जास्त साचतो, म्हणून डागाची किनार मध्यापेक्षा गडद दिसते. डिस्टेंपर किंवा इमल्शन पाण्यातलेच रंग. ब्रश फिरला की वाळलेला मळ पुन्हा विरघळतो आणि रंग वाळताना त्यातल्या पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो. मग हात कितीही मारा. डागावर ओलं पांढरं फडकं दाबून पाहावं. त्याला पिवळट रंग लागला, तर डाग असाच वर येणार.

इथं कामाला येतो तो टर्पेंटाईनमध्ये पातळ होणारा ऑइल प्रायमर. त्यात पाणी नसल्यानं मळ विरघळत नाही, वाळल्यावर वर पापुद्रा बसतो आणि त्यावरच्या इमल्शनचं पाणी डागापर्यंत पोचत नाही. आधी सुटलेले पोपडे खरवडावेत, लोणा कोरड्या ब्रशनं झाडावा. ओल्या फडक्यानं पुसला तर क्षार पुन्हा आत मुरतात. पुट्टीही पाण्यातच कालवतात, त्यामुळे ती भरून, पूर्ण वाळवून, मगच डागाच्या चहूबाजूंनी वीतभर पुढं जाईल असा प्रायमर मारावा. खोलीच्या खिडक्या उघड्या हव्यात. चार दिवस थांबावं. पिवळेपणा दिसला तर आणखी एक हात, नाहीतर इमल्शन.

मात्र ओल्या स्लॅबवर हा प्रायमर फुगून सुटतो. म्हणून प्रायमरआधी डागावर फूटभर पॉलिथिन चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावं. आतून दव धरलं, तर रंगकाम पुढं ढकलावं.

लातूरची गोष्ट थोडी निराळी. पाणीटंचाईमुळे तिथं गच्चीवर साठवणीच्या टाक्या असणं नवलाचं नाही. डाग त्यांच्या गळतीचाही असू शकतो, म्हणून डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहावी. ऐन एप्रिलमध्ये डाग रेघेबाहेर गेला, तर पावसाला बोल लावण्यात अर्थ नाही. टाकीचा जोड, ओव्हरफ्लो नाहीतर वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर तपासायला हवं.

डाग पंख्याच्या हुकाजवळ किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ असेल, तर आधी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावं. आणि लालसर पट्टे सळईच्या रेषेत सरळ धावत असतील, तिथं भेगा असतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतली सळई गंजली आहे असं समजावं. ते काम पेंटरचं नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं.