मराठी पीडीएफचे ई-पुस्तक

प्रश्न : माझ्याकडे नामदेवांच्या अभंगांची पीडीएफ आहे. मोबाइलवर प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. ईपब केले, तर सगळी अगम्य चिन्हे आली. काय करू?
– एक वाचक, सेनगाव

उत्तर : नामदेवांचे नरसी तुमच्या शेजारीच, तेव्हा ही गाथा खिशात हवीच! दोष बहुधा फॉन्टचा आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवून बघा. मराठी नीट उमटली, तर फाइल युनिकोडची आहे. कॅलिबरमध्ये सरळ रूपांतर करा. इंग्रजी अक्षरे किंवा चिन्हे आली, तर पुस्तक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले आहे. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे वेगळीच असतात. अशी फाइल ई-पुस्तकाच्या कन्व्हर्टरमध्ये सरळ घातली की हाच गोंधळ होतो.

तेव्हा पानाचे चित्र वाचून घ्यावे लागेल. आधी पानांची चित्रे करा, त्या चित्रांच्या साधारण 2 एमबीच्या पीडीएफ बनवा, संगणकावरून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि उजवी क्लिक करून Open with, मग Google Docs निवडा.

सगळ्या तुकड्यांचा मजकूर एकाच डॉक्युमेंटमध्ये जोडा. आता मूळ पान शेजारी ठेवून तो तपासा. रफार, अनुस्वार हुकतात. ॥१॥ चे कधी 11१11 होते. अभंगाच्या ओळी एकमेकींना चिकटल्या असतील, तर हाताने तोडा. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळू नका. पानांचे आकडे काढा, प्रत्येक प्रकरणाच्या नावाला Heading 1 द्या. शेवटी File, Download, EPUB. ही फाइल गूगल प्ले बुक्समध्ये उघडली की अक्षर हवे तेवढे मोठे करता येते आणि ओळ पडद्याच्या रुंदीत बसते.