फोनची तारीख चुकीची, म्हणून व्हॉट्सॲप बंद?

प्रश्न : जुना फोन बरेच दिवस बंद होता. चार्ज करून सुरू केला, तर नेट चालू असूनही व्हॉट्सॲप 'फोनची तारीख चुकीची आहे' असे सांगते. घड्याळातली वेळ तर बरोबर दिसते. काय करावे?

उत्तर : वेळेसोबत वर्षही पाहा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही फोनची तारीख १ जानेवारी १९७० सारख्या जुन्या दिवसावर जाते. सर्व्हर आपली ओळख डिजिटल प्रमाणपत्राने पटवतो आणि त्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. फोनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून जोडणी नाकारली जाते.

अँड्रॉइडवर Settings मध्ये Date & time उघडून वेळ आणि टाइम झोन दोन्ही स्वयंचलित करा. सिमला रेंज नसेल तर तारीख हाताने भरा. मात्र आधी टाइम झोन GMT+05:30 निवडा. झोन चुकीचा ठेवून काटे जुळवले, तर वेळ बरोबर दिसते, पण आतले घड्याळ काही तासांनी चुकते. मग फोन रीस्टार्ट करा.

तारीख बरोबर असूनही संदेश येत राहिला, तर ॲपची आवृत्ती कालबाह्य झालेली असू शकते. प्ले स्टोअरवरून अपडेट करा. ॲप काढून टाकू नका, बॅकअप नसेल तर जुन्या गप्पा जातील.